रिटेन्शनची तारीख आधी कागदावर घ्या

समजा, शिरोली एमआयडीसीत शेडचं काम केलंत. बिल 20 लाखांचं, पार्टीनं 5 टक्के म्हणजे 1 लाख रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून रोखलेली रक्कम, कापलं; डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष निघाल्यास तुम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत, 12 महिने. हे 12 महिने बहुतेक करारांत काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजतात, शेवटच्या बिलापासून नव्हे. दाखलाच नसेल तर वर्षानं पैसे मागायला गेल्यावर ‘काम अजून पुरं कुठं झालंय?’ असं ऐकावं लागतं. म्हणून ताबा देतानाच सही-शिक्क्याचा दाखला घ्या, किरकोळ कामं राहिली असतील तर त्यांची यादी त्यालाच जोडा. हिशेबात हा 1 लाख वेगळ्या खात्यात, देय तारखेसह ठेवा. मुदत संपण्याआधी संयुक्त पाहणी मागा. पत्र्याची गळती पावसाळ्यातच कळते, तेव्हा एक पावसाळा जाऊ दिला की पार्टीही कुरकुरत नाही.