पिकअपची वेळ बदलायचीय? ट्रान्सपोर्टरला मेल करताना या चुका टाळा

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच सांभाळताना मी पाठवलेला एक मेल अजून जपून ठेवलाय. नवीन पोरगं कामाला आलं की आधी तोच दाखवतो.

> विषय: पिकअपबाबत
> सर, उद्या लोडिंगला माणसं नाहीत. त्यामुळे उद्याचं पिकअप पुढे ढकलावं ही विनंती. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

वाचायला ठीक वाटतो. मंगळवारी, १४ ऑक्टोबरला संध्याकाळी पावणेसातला मी तो पाठवला आणि निश्चिंत घरी गेलो. बुधवारी सकाळी दहाला वीस फुटी गाडी गेटवर हजर! आतमध्ये आठ जणांच्या टोळीतले दोघेच. टोळीतल्या एकाच्या घरी मयत झाल्याने मुकादमासकट बाकीचे जुन्नरकडे गेले होते.

ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात तो मेल बुधवारी सकाळी उघडला गेला होता. त्यांनी ‘उद्या’ वाचलं आणि गुरुवार धरला. बुधवारची गाडी त्यांच्या लेखी पक्कीच होती. पहिली चूक इथेच: वेळ बदलण्याच्या मेलमध्ये ‘उद्या’, ‘परवा’, ‘सकाळी’ हे शब्द नकोतच. वार, तारीख, तास असं तिन्ही लिहायचं, जुन्या वेळेचंही आणि नव्या वेळेचंही. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एखादी चुकली तरी वाचणाऱ्याला खटकतं आणि तो फोन करून विचारतो. नुसती तारीख चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी चूक म्हणजे कोणती गाडी, हे मी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडून त्यांच्या दोन गाड्या निघणार होत्या, एक पुण्याला आणि एक नाशिकला. नाशिकचा माल पॅलेटवर होता. तो फोर्कलिफ्टने चढतो, त्याला टोळी लागत नाही. थांबवायची होती फक्त पुण्याची गाडी, कारण तिच्यातले सुट्टे बॉक्स हातानेच थप्पी लावून भरायचे होते. विषयाच्या ओळीत इंडेंट नंबर आणि गाव असतं, तर प्रश्नच नव्हता. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मेल वाचणारा माणूस एका हातात फोन धरून बसलेला असतो. तो विषय वाचतो, फार तर पहिली ओळ. कामाचं जे काही आहे ते तेवढ्यात बसलं पाहिजे.

तिसरी चूक सगळेच करतात. ‘पुढे ढकला’ म्हणायचं आणि कधीपर्यंत ते सांगायचं नाही. मग ट्रान्सपोर्टर ती गाडी दुसऱ्या भाड्याला लावतो आणि तुम्हाला हवी तेव्हा गाडीच नसते. पण घाईने वेळ देऊन टाकणं त्याहून वाईट. आधी मुकादमाला फोन करून टोळी नक्की कधी परत येते ते विचारा, मग त्या वेळेला डॉक मोकळा आहे का ते बघा, आणि मगच मेल लिहा. मुकादम म्हणाला ‘सकाळी येतो’, तर मी दुपारची वेळ देतो. गावाहून रात्रीच्या एसटीने येणारी माणसं आठला गोणी उचलायला उभी राहतील, ही आशा मी सोडून दिलीय. मात्र दुपारी भरलेली गाडी पुण्यात पोचेपर्यंत तिथलं गोडाऊन बंद झालेलं असतं. म्हणजे माल उतरणार दुसऱ्या दिवशी. हे मेलमध्ये लिहिलं नाही, तर ट्रान्सपोर्टर त्या ड्रायव्हरला रात्रीचं परतीचं भाडं देऊन बसतो.

आता खरा महागात पडणारा भाग. ई-वे बिलाचा पार्ट-ए आम्ही मंगळवारी चारला केला होता आणि ट्रान्सपोर्टरने त्याच संध्याकाळी गाडी नंबर टाकून पार्ट-बी भरला. मुदत सुरू होते ती पार्ट-बी भरल्यावर. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि तो दिवस संपतो दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री. भिवंडी-पुणे अंतर २०० च्या आत, म्हणजे एकच दिवस. मंगळवारी पार्ट-बी भरलेलं बिल बुधवारी मध्यरात्री संपलं, आणि माल भरायचा होता गुरुवारी. नागपूरची गाडी असती तर चार दिवस मिळाले असते आणि कुणाला कळलंही नसतं. जवळच्या गावाला मात्र एक दिवस पुढे सरकलात की बिल मेलंच समजा.

आमचं नशीब की गाडी गेटवर आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ई-वे बिल केल्यापासून २४ तासांत रद्द करता येतं, म्हणजे आमच्याकडे दुपारी चारपर्यंत वेळ होता. ज्याने बिल केलं त्यानेच ते रद्द करायचं असतं, त्यामुळे ट्रान्सपोर्टरला सांगून उपयोग नाही. आम्ही जुनं रद्द केलं आणि गुरुवारी नवीन काढलं. तेव्हापासून वेळ बदलण्याच्या प्रत्येक मेलमध्ये एक ओळ ठरलेली आहे: गाडी भरून होईपर्यंत पार्ट-बी भरू नका.

कारण किती सांगायचं? एक ओळ पुरे. कुणाच्या घरी काय झालं ते ट्रान्सपोर्टरला नको असतं. त्याला कळायला हवं ते इतकंच की माणसं नाहीत आणि गाडी आणून उपयोग नाही. पण हे अर्धवट सांगितलंत तर तो मदतीच्या भावनेने म्हणतो, “साहेब, मी माझी चार पोरं पाठवतो.” जिथे माथाडी बोर्डाची नोंदणीकृत टोळी काम करते, तिथे बाहेरची माणसं मालाला हात लावू लागली की वाद ठरलेला. म्हणून तेही आधीच लिहून टाकायचं.

आज तोच मेल मी असा लिहीन:

> विषय: वेळ बदल – इंडेंट २२१६, भिवंडी ते पुणे – बुध. १५ ऑक्टो. ऐवजी गुरु. १६ ऑक्टो., दुपारी २
>
> नमस्कार,
> इंडेंट २२१६ ची वीस फुटी गाडी बुधवार १५ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता लावायची होती. लोडिंगची टोळी हजर नसल्याने ती बुधवारी पाठवू नये. गुरुवार १६ ऑक्टोबरला दुपारी २ वाजता गेटवर लावावी. नाशिकच्या गाडीत बदल नाही.
> पुण्यात माल शुक्रवारी १७ ऑक्टोबरला सकाळी उतरेल. बाहेरची माणसं आणू नयेत. गाडी भरेपर्यंत पार्ट-बी भरू नये. भरला असल्यास लगेच कळवावं, आम्ही बिल रद्द करतो.
> गाडी निघाली असल्यास आज रात्री ८ पर्यंत फोन करावा. नवी वेळ मान्य असल्याचं उत्तर द्यावं.

आठपर्यंत उत्तर आलं नाही, तर आपणच फोन करायचा. मेल हा पुरावा असतो, गाडी फोननेच थांबते. ऑफिसात ‘हो, सांगतो’ म्हणाले तरी ड्रायव्हरचा नंबर मागून त्याच्याशी एकदा बोला, कारण त्याच्या व्हॉट्सअॅपवर जुनीच वेळ पडलेली असते.

आणि गाडी निघालीच असेल तर हॉल्टिंगचं तेव्हाच बोलून घ्या. आम्ही त्या बुधवारी बोललो नाही. महिनाअखेरच्या बिलात दोन दिवसांचं हॉल्टिंग लागलं. गाडी एकच दिवस उभी होती, पण गेटच्या रजिस्टरमध्ये ती आत आल्याची वेळच कुणी लिहिली नव्हती.