इंग्रजी वळणाचे लांब वाक्य सोडवताना या चुका टाळा

‘समितीद्वारे अहवाल सादर केला गेला.’ व्याकरणात हे वाक्य चुकलेले नाही, तरी कानाला खटकते. दुरुस्त करायला बसलेले बरेच जण ‘द्वारे’ काढून ‘कडून’ घालतात आणि पुढे जातात. ही पहिली चूक. ‘समितीकडून अहवाल सादर केला गेला’ यात फक्त शब्द बदलला, वाक्याची बांधणी परकीच राहिली.

‘समितीने अहवाल सादर केला’ हे साधे वाक्य मुळात कर्मणीच आहे. कर्त्याला ‘ने’ लागला आहे आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते आहे: अहवाल सादर केला, माहिती सादर केली, पुरावे सादर केले. भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठी बहुतेक वेळा हे आपोआप करते. त्यावर पुन्हा ‘गेला’ चढवायचे कारण नाही.

इंग्रजीत कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणायचे तर बहुधा वाक्याचा प्रयोगच बदलावा लागतो. मराठीत शब्द हलवला की काम होते. भर अहवालावर हवा असेल तर ‘अहवाल समितीने सादर केला’ म्हणा. विभक्ती जागेवर आहे, त्यामुळे कुणी काय केले याचा घोळ होत नाही. ‘द्वारे’ मात्र सरसकट हद्दपार करू नका. ‘टपालाद्वारे पाठवले’ यात ते साधन सांगते आणि ठीक बसते. करणाऱ्या माणसाला ते चिकटले की खटकते.

आता एक लांब वाक्य पाहू:

‘ग्राहकांद्वारे ऑनलाइन भरण्यात आलेल्या अर्जांची, ज्यांच्यासोबत आवश्यक कागदपत्रे जोडली गेलेली आहेत, तपासणी अधिकाऱ्यांद्वारे सात दिवसांच्या आत पूर्ण केली जाईल आणि त्याबाबतची माहिती ग्राहकांना संदेशाद्वारे पाठवली जाईल.’

दुखणे नेमके कुठे आहे? ‘अर्जांची’ म्हटल्यावर वाचक ‘कशाची काय?’ याची वाट बघतो आणि ‘तपासणी’ येते सहा शब्दांनंतर. मराठीत क्रियापद तसेही शेवटी येते. त्यात षष्ठीही अशी लोंबकळत ठेवली की वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. वाक्य मोठ्याने वाचा. जिथे तुम्ही स्वतः मागे वळता, तिथे गाठ आहे.

इथे दुसरी चूक होते: लांब आहे म्हणून स्वल्पविराम दिसेल तिथे वाक्य तोडायचे. मग असे काहीतरी निघते: ‘अर्ज ऑनलाइन भरा. कागदपत्रे जोडा. अधिकारी सात दिवसांत अर्ज तपासतील.’ वाचायला सोपे, पण अर्थ हलला. कागदपत्रे जोडलेल्या अर्जांनाच सात दिवसांची मुदत आहे, ही अट गळून पडली. शिवाय माहितीची सूचना झाली.

मी आधी वाक्यातली खरी कामे वेगळी काढतो. भरणे, जोडणे, तपासणे, कळवणे. ‘तपासणी पूर्ण केली जाईल’ यात काम तपासण्याचे आहे. ‘पूर्ण करणे’ नुसते ओझे आहे. मग प्रत्येक काम कोण करतो ते बघायचे आणि घडण्याच्या क्रमाने लिहायचे:

‘ग्राहकाने ऑनलाइन अर्जासोबत आवश्यक कागदपत्रे जोडली असतील, तर अधिकारी तो अर्ज सात दिवसांत तपासतील. तपासणीत काय ठरले ते ग्राहकाला मेसेजने कळेल.’

‘ज्यांच्यासोबत’चे ‘तर’ झाले आणि अट टिकली. शेवटच्या ‘कळेल’कडे मुद्दाम लक्ष द्या. संदेश कोण पाठवणार हे मूळ वाक्यात नव्हते, आपणही ते घुसडले नाही. कर्ता माहीत नसेल किंवा नको असेल, तेव्हा मराठीत अशी क्रियापदे हाताशी असतात: कळणे, मिळणे, ठरणे, उघडणे, बंद राहणे. ‘रस्ता बंद ठेवण्यात येईल’पेक्षा ‘रस्ता बंद राहील’ हे बहुतेक ठिकाणी पुरते. सर्वसाधारण रीत सांगायची असेल तर कर्ता गाळून ‘इथे अर्ज घेतात’ म्हटले की झाले.

तिसरी चूक उत्साहाच्या भरात होते. प्रत्येक ‘करण्यात आले’ पुसून तिथे कुणीतरी कर्ता बसवला जातो. ‘परवानगी रद्द करण्यात आली आहे’ याचे ‘अधिकाऱ्यांनी परवानगी रद्द केली आहे’ केले, तर मजकुरात नसलेली जबाबदारी आपण कुणावर तरी टाकतो. आदेश, करार किंवा तक्रार असेल तर हे महागात पडते. लेखकाला विचारता आले तर कर्ता विचारून घ्या. नाहीतर ‘परवानगी रद्द झाली आहे’ इतकेच लिहा. आणि कुणीतरी जाणीवपूर्वक रद्द केली हेच सांगायचे असेल, तर मूळचे ‘करण्यात आली’ तसेच राहू द्या.