बॅग आली नाही, फ्लाइट लेट झाली: क्लेमचं खरं काम एअरपोर्टवरच होतं

इथे परदेशात नवीन येणाऱ्यांपैकी दर वर्षी कोणीतरी विचारतंच, बॅग हरवली, आता ट्रॅव्हल इन्शुरन्सला काय सांगू? मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझंही हेच झालं. पहिली फ्लाइट नऊ तास लेट, त्यामुळे पुढची कनेक्टिंग चुकली, आणि पोचलो तर दोनपैकी एकच बॅग पट्ट्यावर. थकलो होतो, वाटलं घरी जाऊन ऑनलाइन तक्रार करू. नशीब, सोबतच्या एका काकांनी हाताला धरून बॅगेज काउंटरवर नेलं.

तिथे जो कागद मिळतो त्याला पीआयआर म्हणतात, म्हणजे एअरलाइनचा बॅग न मिळाल्याचा रिपोर्ट. त्यावर दहा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, आधी एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड, मग एअरलाइनची दोन अक्षरं, मग पाच आकडे. हा नंबर नसेल तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतात की बॅग एअरलाइनच्या ताब्यात असताना हरवली हे कशावरून, आणि बाहेर पडून दोन दिवसांनी गेलात तर उत्तर देणं अवघड जातं. बॅगचा टॅग (बोर्डिंग पासला चिकटवलेला तो छोटा स्टिकर) आणि बोर्डिंग पास फेकू नका. काउंटरवर बॅगचा रंग, आकार आणि आत वर काय ठेवलंय तेही सांगा, शोधायला उपयोग होतो.

त्याच काउंटरवर किंवा नंतर ईमेलने फ्लाइट लेट झाल्याचं लेखी पत्र मागा, किती तास आणि कशामुळे हे दोन्ही त्यात हवं. डिले कव्हर ठराविक तासांनंतरच सुरू होतं, काही पॉलिसीत सहा, काहींत बारा, म्हणजे माझे नऊ तास एका पॉलिसीत बसले असते आणि दुसरीत नाही. एअरलाइनचा मेसेज बऱ्याचदा पुरेसा धरत नाहीत. आणि पॉलिसी घेण्याआधीच संप जाहीर झाला असेल तर त्यामुळे झालेला उशीर सहसा कव्हर होत नाही.

बॅग येईपर्यंत कपडे, टूथब्रश, चार्जर घ्यावे लागतात, ते घ्या, पण गरजेपुरतेच. बिलात वस्तूंची नावं दिसली पाहिजेत, नुसती कार्डची स्लिप चालत नाही. आणि थर्मल कागदावरची शाई उडते, त्यामुळे बिल हातात पडलं की लगेच फोटो काढा.

बहुतेक आंतरराष्ट्रीय फ्लाइटना १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो, त्याप्रमाणे २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि तुटून आली तर ७ दिवसांत एअरलाइनला लेखी कळवायचं असतं. पीआयआर केला म्हणजे हे झालं असं समजू नका, वेगळा ईमेल करा.

आता यादी, जिच्यात सगळे मार खातात. "कपडे, अंदाजे ८००" असं लिहिलं की कात्री लागलीच. प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, काय, कधी घेतली, कितीला, पुरावा काय. बिल नसेल तर ऑर्डरचा ईमेल, कार्डचं स्टेटमेंट, ती वस्तू वापरतानाचा जुना फोटोही चालू शकतो. मी बॅग भरताना फोटो काढले नव्हते, त्यामुळे निम्मी यादी आठवून आठवून केली.

हिशोब कसा लागतो ते बघा, चलन कुठलंही धरा. यादी १,६०० ची. त्यात एक सूट ५०० चा, पण पॉलिसीत एका वस्तूला मर्यादा ३००, म्हणून ३०० च धरले. उरलेल्या १,१०० वर वापराप्रमाणे घसारा लावून ८५० केले. झाले १,१५०. त्यातून एअरलाइनने दिलेले ५००, बॅग लेट म्हणून आधीच मिळालेले १५० आणि आपल्या वाट्याची १०० ची एक्सेस वजा केली, हातात आले ४००. वजाबाकीचा क्रम पॉलिसीनुसार बदलतो पण नुकसान एकदाच भरून देतात, म्हणून एअरलाइनने किती दिले ते लपवू नका. पहिलं सेटलमेंट एअरलाइनचं झालं तर तिचं पत्र इन्शुरन्सला पाठवा, नकार दिला असेल तर नकाराचंही.

कॅश, पासपोर्ट, दागिने चेक-इन बॅगेत असतील तर बहुतेक पॉलिसी देत नाहीत, लॅपटॉपलाही बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. आणि एक, तुम्ही वन-वे येताय, तेव्हा पोचल्यावर कव्हर किती वेळ चालू राहतं ते पॉलिसी घेतानाच विचारा, काहींचं पोचल्या पोचल्या किंवा थोड्याच तासांत संपतं.