परदेशी क्लायंटचे पैसे: या चुका टाळा

माझ्या पहिल्या अमेरिकन क्लायंटचे डॉलर आले तेव्हा बँकेच्या कागदावर परपज कोड होता P1301, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चासाठी पाठवलेले पैसे! मी वेबसाइट बनवून दिली होती. ब्रँचने विचारलंच नव्हतं, आणि मीही काही सांगितलं नव्हतं.

ही चूक सर्रास होते. रक्कम आली की बँक ती कशापोटी आली याची नोंद करून रिझर्व्ह बँकेला कळवते. तुम्ही गप्प बसलात तर समोरचा माणूस हाताला येईल तो कोड टाकतो. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा कोड P0802, व्यवस्थापन सल्ल्याचा P1006. आपला कोड इन्व्हॉइसवरच छापा आणि पैसे यायच्या आधी ब्रँचच्या फॉरेक्स डेस्कला मेल करा. चुकीचा कोड पडलाच, तर इन्व्हॉइस, करार आणि व्यवहाराचा रेफरन्स नंबर जोडून दुरुस्तीचं पत्र द्या आणि पैसे जमा झाल्याचा सुधारित कागद, म्हणजे अॅडव्हाइस, मागून घ्या. वर्षभराने गेलात तर जुनी नोंद उकरून काढायला कोणी उत्सुक नसतं. जीएसटीत निर्यात दाखवताना किंवा परतावा मागताना हाच कागद लागतो, आणि तिथे ‘घरखर्च’ दिसला की खुलासे देत बसावं लागतं.

दुसरी चूक पैशांची. समजा, इन्व्हॉइस 1,000 डॉलरचं आहे आणि गुगलवर दर 84 रुपये दिसतोय. हिशोबाने 84,000 यायला हवेत. पण मधल्या बँकेने 20 डॉलर कापले आणि तुमच्या बँकेने 82.60 चा दर लावला, तर हातात 80,948 येतात. त्यावर रुपयांत बदलून देण्याचा जीएसटी लागतो. एक लाखापर्यंत रकमेचा 1 टक्का हे सेवेचं मूल्य धरतात (किमान 250 रुपये) आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे इथे साधारण 146 रुपये. एकूण फटका 3,198 रुपयांचा.

यातला जीएसटी टळत नाही. 20 डॉलर वाचवायचे तर क्लायंटला स्विफ्ट करताना शुल्काच्या रकान्यात `OUR` निवडायला सांगा. त्याचा खर्च त्याच्यावर पडतो, म्हणून हे आधीच ठरवा. दराबाबत मात्र ब्रँचशी घासाघीस करता येते. रक्कम मोठी असेल तर ऐकतात, एवढ्याशा रकमेला क्वचितच. वहीत इन्व्हॉइस 1,000 चंच ठेवा आणि 20 डॉलर बँक चार्जेसमध्ये दाखवा. इन्व्हॉइस 980 चं करू नका.

पेमेंट प्लॅटफॉर्म वापरत असाल तर आणखी एक गोंधळ होतो. डॉलरचे रुपये आधीच झालेले असतात आणि खात्यात साधी एनईएफटी जमा दिसते. अशा वेळी ब्रँचमध्ये परकीय चलन आल्याचा दाखला, म्हणजे एफआयआरसी, मागून उपयोग नाही, कारण त्यांच्याकडे परकीय चलन आलेलंच नसतं. इनवर्ड रेमिटन्सचा दाखला प्लॅटफॉर्मकडूनच घ्यायचा. मी दर महिन्याला तो डाउनलोड करून त्या-त्या इन्व्हॉइससोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवतो.