सराफ्यात गर्दी दिसली की सोनं विकणाऱ्यांनो, या चुका टाळा

‘लोक वेड्यासारखे सोनं घ्यायला लागले की भाव पडायची वेळ आली’ हे सूत्र आता तालुक्याच्या गावातही प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्यात तथ्य आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये जगभर गुगलवर सोन्याच्या भावाचा शोध उसळला, सप्टेंबरच्या सुरुवातीला सोनं औंसाला १,९०० डॉलरच्या वर जाऊन आलं आणि पुढची चार वर्षं उतरत राहिलं. २०२० च्या ऑगस्टमध्येही शोध आणि भाव जवळपास सोबतच टोकाला गेले. पण ही दोन उदाहरणं तोंडपाठ करून, कुठला शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सचा एक आलेख पाहून घरातलं सोनं विकायला निघालेली पोरं पाहिली की मला राहवत नाही.

सण आणि हंगाम यांनाच उन्माद समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. ट्रेंड्सवर `gold rate today` टाकलं, भारत निवडलं, पाच वर्षांचा आलेख काढला की दर वर्षी धनत्रयोदशीला आणि अक्षय्य तृतीयेला सुळके दिसतातच. लोभ वाढला म्हणून ते येत नाहीत, मुहूर्त आला म्हणून येतात. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करूनही भागत नाही, कारण धनत्रयोदशी २०२३ मध्ये १० नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये १८ ऑक्टोबरला. म्हणून मी सणाचा आठवडा सणाच्या आठवड्याशीच ताडून पाहतो. त्याहून जास्त भरवसा मला मधल्या कोरड्या आठवड्यांवर वाटतो. लग्न नाही, मुहूर्त नाही, हातात पैसा नाही, तरी आकडा चढलेला आहे, असं दिसलं तर ती खरी बातमी.

आपल्याकडे त्यात शेतीचा पैसा मिसळतो. आधी सोयाबीन निघतं, मग दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगला लागतात आणि त्याच दिवसांत सराफ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. हिंगणघाट असो, वणी असो की अकोट, सगळीकडे हेच. कापसाचा चुकारा हाती पडला, मुलीचं लग्न उन्हाळ्यात आहे, म्हणून माणूस दोन तोळे घेऊन ठेवतो. जागतिक बाजाराच्या हवेशी त्या खरेदीचा काही संबंध नसतो.

आणि दुकानात शिरून एकदा विचारा तर खरं, की आलेले लोक काय करताहेत. भाव चढलेला असताना निम्मी गर्दी जुने दागिने मोडून नवे घडवणाऱ्यांची असू शकते. बाहेरून ती खरेदीच दिसते. मी ओळखीच्या सराफाला एवढंच विचारतो : ‘आज मोड जास्त की नवं?’ मोड जास्त असेल तर त्या गर्दीला मी खरेदीचा उन्माद म्हणत नाही.

भाव पडल्यावरची गर्दी आणि चढल्यावरची गर्दी एकच धरणं

गर्दीच्या उलट जाण्याचं सूत्र चढत्या भावामागे धावणाऱ्या गर्दीसाठी आहे. आपला ग्राहक मात्र बहुतेक वेळा भाव पडला की धावतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, देशातला भाव झटक्यात उतरला आणि दुकानं भरली. ‘एवढी गर्दी म्हणजे शिखर’ असं म्हणणारे तेव्हाही होते. त्या गर्दीचं कारण शुल्क होतं, आणि भाव तिथून पुढे चढत गेला.

एप्रिल २०१३ चं प्रकरण याहून शिकण्यासारखं आहे. १२ आणि १५ एप्रिल या दोन सत्रांत सोनं १,५६० डॉलरच्या आसपासून १,३५० च्या आसपास कोसळलं. भारतात आणि चीनमध्ये लोक स्वस्त सोन्यावर तुटून पडले. शोधाचा आकडाही तेव्हाच उसळला, म्हणजे नुसत्या सुळक्यावरून भाव कोणत्या दिशेला निघालाय हे कळत नाही. डॉलरमध्ये पाहिलं तर गर्दी चुकली, जूनअखेर सोनं १,२०० पर्यंत उतरलं. पण आपण रुपयात घेतो. त्याच काळात रुपया डॉलरमागे ५४ वरून ऑगस्टअखेर ६८ पर्यंत घसरला, सरकारनं आयात शुल्क आधी ८ आणि मग १० टक्के केलं. एप्रिलमध्ये २६ हजारांच्या आसपास घेतलेलं दहा ग्रॅम सोनं ऑगस्टच्या शेवटी ३३ हजारांच्या वर होतं. डॉलरवाल्यांनी ज्या गर्दीला खुळी ठरवलं, ती रुपयात चार महिन्यांत नफ्यात आली. म्हणून परदेशी विश्लेषकाचा आलेख पाहून आपलं सोनं विकू नका. मी वहीत दोन रकाने ठेवतो, एक डॉलरचा, एक रुपयाचा, आणि शुल्क बदललं की तिथे लाल रेघ मारतो.

खुणेला तारीख समजणं

कारंज्याकडचा एक पोरगा. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं दोन तोळ्यांएवढं सोनं ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या कागदी सोन्यात, जमवलं होतं, लग्न दिवाळीनंतरचं. २२ एप्रिल २०२५ ला सोनं ३,५०० डॉलरवर गेलं आणि आपल्याकडे तोळ्याला लाखाचा आकडा पहिल्यांदा दिसला. मोबाइल पुढे करून तो म्हणाला, ‘काका, शंभर दाखवून राह्यलं. आता पडतेच पाहा.’ मी त्याला समजावलं की तो शंभर निवडलेल्या काळातला सर्वोच्च आकडा असतो. उद्या शोध आणखी वाढला की तोच शंभर घसरून साठ दिसेल. शिखरावर उभं असताना आलेख नेहमी शंभरच दाखवतो. त्यानं ऐकलं नाही, सगळं विकलं.

सुरुवातीला त्याचंच बरोबर ठरलं. मेच्या मध्यात भाव ९२-९३ हजारांवर आला. ‘आता परत घे,’ मी म्हणालो. त्याला ८५ हवे होते. पावसाळाभर भाव लाखाच्या आसपास घुटमळला, सप्टेंबरपासून सुटला आणि ऑक्टोबरमध्ये सव्वा लाखाच्या वर गेला. लग्न पुढे ढकलता येत नव्हतं. विकल्या भावापेक्षा दोन तोळ्यांमागे पन्नास हजारांहून अधिक जादा मोजून त्यानं तेच सोनं परत घेतलं. खूण खोटी नव्हती. ती तीन आठवड्यांची होती, आणि परत कधी घ्यायचं हे ठरवण्याआधीच त्यानं विकून टाकलं होतं. ही घाई मला अजून सलते, कारण त्यात बहिणीचं सोनं होतं.

किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या चुका आणखी आहेत. फक्त इंग्रजी शब्द शोधू नका, ‘सोन्याचा भाव’ वेगळा टाकून पाहा. `gold loan` चा चढता शोध खरेदीत धरू नका, तो बहुधा तंगीचा असतो. एका आठवड्याच्या सुळक्यावर काही करू नका, मी सलग तीन आठवडे पाहतो. आणि सराफा-व्यापारी आंतरराष्ट्रीय भावापेक्षा अधिक दर मागताहेत की सूट देताहेत, हे बातम्यांत वाचा. शोध उसळलेला, पण सूट वाढलेली, असं असेल तर लोक नुसते भाव पाहताहेत, घेत नाहीत.

सगळं जुळून आलं तरी किती मिळतं, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. चढता भाव, उसळलेला शोध, धनत्रयोदशीची झुंबड, सगळं एकत्र. २० ऑक्टोबरला सोनं ४,३८० डॉलरजवळ गेलं, दुसऱ्याच दिवशी पाच टक्क्यांहून जास्त पडलं आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ४,००० च्या खाली आलं. डिसेंबरमध्ये मात्र त्यानं नवा उच्चांक केला. म्हणून अशी खूण दिसली की मी फक्त नवी, जास्तीची खरेदी पाच-सहा आठवडे लांबवतो. लग्नाच्या सोन्याला त्या कारणानं हात लावत नाही, ते दर हंगामाच्या चुकाऱ्यातून थोडं थोडं घेत राहतो.