बिलातला ४४ केव्हीएचा आकडा कुठून आला

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपची डिमांड, म्हणजे एका वेळी लागणारा विजेचा सर्वांत मोठा भार, एरवी २८ केव्हीएच्या आसपास असते. गेल्या महिन्यात बिलावर ४४ छापून आले आणि डिमांड चार्ज त्याच हिशेबाने लागला. युनिट मात्र नेहमीएवढीच होती. आधी मीटरवरच शंका आली. मग मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे दर अर्ध्या तासाच्या भाराची नोंद, मागवला. ४४ फक्त एकदाच दिसले: एका सोमवारी सकाळी, दीड तास वीज गेल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

आमचा मीटर ३० मिनिटांची सरासरी धरतो आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी जपून ठेवतो. म्हणून मोटर सुरू होतानाचा काही सेकंदांचा झटका यात फारसा दिसत नाही. आमचा घोटाळा वेगळा होता. तापलेली भट्टी थर्मोस्टॅटवर सरासरी ६ किलोवॉट घेते, थंड झालेली सलग १८. म्हणजे १२ जास्त. कॉम्प्रेसरची टाकीही रिकामी, तो न थांबता चालला, आणखी ४. शिवाय सगळी लेथ चालू.

आता भट्टी सातलाच एकटी लावतो, कामगार आठला येतात. कॉम्प्रेसरला टायमर बसवला, तो भट्टी तापल्यावरच सुरू होतो. वीज जाऊन आली, की भट्टी तापेपर्यंत निम्मी लेथ बंद ठेवतो. पाऊण तास काम रखडतं, पण परवडतं. या महिन्यात मीटरवर ३१ आहेत.