कलर चेकरचा फोटो काढून कॅमेऱ्याचे प्रोफाइल कसे बनवावे

निळे कापड फोटोत जांभळट दिसते. व्हाइट बॅलन्स बदलला की करडा रंग जागेवर येतो, निळा मात्र हटत नाही. अशा वेळी त्या कॅमेऱ्याचे, त्याच दिव्यांखालचे प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग खऱ्या रंगांशी जुळवणारी फाइल, लागते. २४ चौकोनांचा कलर चेकर त्यासाठी पुरतो. पण तक्त्याचा फोटो चुकला तर ती चूक प्रोफाइलमध्ये मुरते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत उमटते.

दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर लावा, खोलीतले इतर दिवे बंद करा. तक्ता ठेवायच्या जागी आधी एकरंगी करड्या कागदाचा फोटो घ्या. रॉ कन्व्हर्टरमध्ये टोन कर्व्ह लिनियर ठेवून एसआरजीबीत डाव्या कडेला १६० आणि उजवीकडे १५० आकडा आला, तर उजवीकडे सुमारे एक पंचमांश स्टॉप प्रकाश कमी आहे. प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही. उजवीकडचे रंगच गडद आहेत असे ते धरून चालते. फरक दोन-तीन आकड्यांवर येईपर्यंत दिवे सरकवा.

आता तक्ता कॅमेऱ्याच्या अगदी समोर, फ्रेमच्या मधोमध ठेवा. कडांना लेन्स अंधारते. रॉ फॉरमॅट, सर्वांत कमी आयएसओ, सगळे मॅन्युअल. कॅमेऱ्यावरच्या हिस्टोग्रामवर विसंबू नका, तो जेपेगचा असतो. एक्स्पोजर थोडे-थोडे बदलून चार-पाच फोटो घ्या आणि पांढऱ्या चौकोनाचा एकही चॅनल रॉमध्ये कापला न गेलेला, त्यातल्या त्यात उजळ फोटो निवडा.

खरी परीक्षा काळ्या चौकोनाची. रॉ कन्व्हर्टरमध्ये टोन कर्व्ह लिनियर ठेवा, नाहीतर पुढचे आकडे निरर्थक. पांढऱ्याशेजारच्या करड्यावर व्हाइट बॅलन्स घ्या आणि पांढरा एसआरजीबीत २४३ वर आणा. काळा ५२ च्या आसपास हवा. तो ७० आला, तर त्या चौकोनातून जवळपास दुप्पट प्रकाश येतो आहे: चकाकी, किंवा पांढऱ्या टेबलावरून लेन्समध्ये शिरलेला उजेड. त्याने गडद निळा फिका पडतो, प्रोफाइल ती कसर भरून काढते आणि खऱ्या वस्तूचा निळा भडक होतो. दिवे आणखी बाजूला न्या, तक्त्याभोवती काळे कापड पसरा, लेन्सला हूड लावा. स्वतःचा रंगीत शर्टही बदला. तोही तक्त्यावर परावर्तित होतो.

प्रोफाइल बनवताना तक्त्याची आवृत्ती नीट निवडा. नोव्हेंबर २०१४ पासूनच्या तक्त्यांचे संदर्भ-आकडे आधीच्यांपेक्षा वेगळे आहेत.

तयार प्रोफाइल तक्त्यावर तपासून उपयोग नाही, तिथे ते चांगले दिसणारच. वस्तूचा फोटो त्याच दिव्यांखाली घेऊन, कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनवर वस्तूशी ताडून पाहा. दिवे बदलले तर प्रोफाइल नव्याने करा. एवढे करूनही एखादा रंग हुकतोच, कारण कॅमेऱ्याचा सेन्सर आणि डोळा काही रंगद्रव्ये वेगवेगळी पाहतात. तेवढा रंग हाताने दुरुस्त करावा लागतो.